मुंगळा चढतो कुणासाठी?

प्रस्तावना

थायलंडच्या दक्षिणेला, त्रांग प्रांतात, खाओ चोंगचं सदाहरित जंगल आहे. तिथल्या जमिनीलगतच्या रोपांची पानं उलटून पाहिली, की काहींच्या खालच्या बाजूला एक मेलेला मुंगळा दिसतो. त्याचा जबडा पानाच्या शिरेत घट्ट रुतलेला असतो. मानेच्या मागच्या बाजूनं एक बारीक, काळपट दांडा बाहेर आलेला असतो आणि त्या दांड्याच्या एका कुशीला छोटी फुगीर गाठ असते. जमिनीपासूनची उंची मोजली, तर ती सरासरी २५ सेंटीमीटरच्या आसपास भरते. शेजारच्या रोपावर दुसरा मुंगळा तशाच अवस्थेत, जवळपास तेवढ्याच उंचीवर. दाटी असलेल्या जागी एका चौरस मीटरमध्ये असे पंचवीसहून जास्त मुंगळे मोजले गेले आहेत. थोडं पुढं गेलं, की एकही नाही.

मुंगळ्यांची घरटी मात्र तिथं कुठंच नसतात. ती असतात उंच झाडांच्या शेंड्यांत, वीसेक मीटर वर. मग हे सगळे खाली येऊन, ठरल्यासारख्या उंचीवर, पानाच्या खालच्याच बाजूला, शिरेलाच चावून का मेले?

कीटकांच्या वागण्यावर ताबा मिळवणाऱ्या बुरशींवरचं हे पुस्तक या प्रश्नापासून सुरू होतं. पुढच्या प्रकरणांत माश्या आहेत, सिकाडा आहेत, आपल्या शेतातल्या अळ्याही आहेत. प्रस्तावनेत मी या एकाच मुंगळ्यापाशी थांबणार आहे. 'झोंबी मुंगी' या नावानं ही गोष्ट आता बहुतेकांच्या कानावर आली आहे; तिच्यावरून संगणकावरचा खेळ निघाला, मालिका निघाली. त्या सांगण्यात बुरशी मुंगीच्या मेंदूत शिरते आणि तिला बाहुलीसारखी नाचवते. प्रत्यक्षात जे सापडलं आहे, ते याहून वेगळं आहे. शिवाय लोकप्रिय गोष्टीत एक प्रश्न विचारलाच जात नाही: आजारी प्राणी विचित्र वागतो, हे तर रोजचंच. मग हे वागणं बुरशीचं आहे, मुंगळ्याचं आहे, की नुसतं आजारपण आहे, हे ठरवायचं कसं? या प्रस्तावनेचा धागा तोच आहे.

आधी दोन्ही पात्रांची ओळख. मुंगळा आहे कॅम्पोनोटस लिओनार्डी. आपल्याकडे गुळाच्या ढेपेवर आणि आंब्याच्या बुंध्यावर दिसणारा मोठा काळा मुंगळाही कॅम्पोनोटसच, म्हणजे या थाई मुंगळ्याचा नातेवाईक. बुरशीचं नाव ऑफिओकॉर्डिसेप्स युनिलॅटरॅलिस. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८५९ साली इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरून या बुरशीचे नमुने गोळा केले होते, त्यामुळे शास्त्राला ती दीडशेहून जास्त वर्षं ठाऊक आहे. आता असं दिसतं, की या नावाखाली एक नाही, अनेक जाती आहेत आणि त्यातली प्रत्येक जात साधारणपणे मुंग्यांच्या एकाच जातीवर वाढते. हिमालयात ज्या 'कीडाजडी'साठी उत्तराखंडातली गावंच्या गावं उन्हाळ्यात डोंगर चढतात, तीसुद्धा ऑफिओकॉर्डिसेप्सच; फक्त ती मुंगळ्यावर न वाढता जमिनीखालच्या एका पतंगाच्या अळीवर वाढते.

खाओ चोंगचे मुंगळे एरवी झाडांच्या शेंड्यांतूनच ये-जा करतात. फांदीला फांदी जिथं मिळत नाही, तिथं मात्र त्यांना खोडावरून खाली उतरून जमिनीवरून पलीकडच्या झाडावर जावं लागतं. संसर्ग होतो तो या खालच्या वाटेवर. बुरशीचा बीजाणू मुंगळ्याच्या कवचाला चिकटतो, तिथं रुजतो आणि काही दाब देऊन, काही विकरांनी कवच विरघळवून आत शिरतो. आत गेल्यावर तो लगेच धागे पसरत नाही. सुट्या पेशींच्या रूपात तो मुंगळ्याच्या रक्तात वाढत राहतो. अमेरिकेत प्रयोगशाळेत सुई टोचून संसर्ग दिलेल्या मुंगळ्यांनी साधारण अडीच ते साडेतीन आठवड्यांनी जबडा रोवला. म्हणजे बराच काळ बाधित मुंगळा घरट्यात इतरांबरोबरच राहतो आणि त्याच्या आत काय चाललं आहे याचा सोबतच्यांना पत्ता लागत नाही.

मग एक दिवस तो वाट सोडतो. डेव्हिड ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाओ चोंगमध्ये अशा मुंगळ्यांचा तासन्‌तास पाठलाग केला आणि २०११ साली त्याचं वर्णन छापलं. निरोगी मुंगळे रांगेत चालतात. बाधित मुंगळा रांगेत दिसतच नाही. तो एकटा, जमिनीलगतच्या झुडपांत, दिशाहीन भटकतो. मधूनच त्याला झटके येतात आणि तो खाली पडतो. पुन्हा चढतो, पुन्हा झटका, पुन्हा खाली. या झटक्यांमुळेच तो वरच्या शेंड्यांकडे परतू शकत नाही आणि खालच्या दमट थरातच अडकून राहतो. दुपारी बाराच्या सुमारास, सूर्य डोक्यावर असताना, तो पानाच्या खालच्या बाजूला येऊन शिरेत जबडा रोवतो. हे चावे दिवसभर विखुरलेले नसतात. ते मध्यान्हीच्या आसपासच होतात. चावल्यानंतर तो लगेच मरत नाही, काही तास पाय हलत राहतात. संध्याकाळपर्यंत मात्र सगळं थांबतं. बुरशीला रात्रीचा गारवा आणि दमटपणा मिळतो आणि दोन-तीन दिवसांत तिचे धागे मुंगळ्याच्या सांध्यांतून बाहेर डोकावू लागतात.

निरोगी कॅम्पोनोटस पानाच्या शिरेला असा चावा घेत नाही. तेव्हा हे वागणं नवं आहे, एवढं नक्की. पण कुणाचं?

उत्तरं तीन संभवतात. पहिलं म्हणजे हा नुसता आजाराचा दुष्परिणाम असेल. शरीरभर बुरशी वाढली, स्नायू आणि नसा बिघडल्या, मुंगळा लडखडत कुठंतरी मेला. दुसरं उत्तर मुंगळ्याच्या बाजूचं. मुंग्यांच्या वसाहतीत कामकरी बहुधा एकाच राणीच्या मुली असतात. आजारी कामकरीनं घरट्याबाहेर जाऊन मरणं हे तिच्या बहिणींच्या हिताचं आहे, आणि काही मुंग्यांत तसं घडतंही. तेव्हा घर सोडणं हा वसाहतीचा स्वतःचा बचाव असू शकतो. तिसरं उत्तर बुरशीच्या बाजूचं: हे वागणं बुरशीला पिढी पुढं न्यायला उपयोगी आहे म्हणूनच ते टिकलं आणि घडत गेलं. रिचर्ड डॉकिन्स यांनी १९८२ साली मांडलेल्या कल्पनेनुसार एखाद्या जीवाच्या जनुकांचा परिणाम त्याच्या स्वतःच्या शरीरापाशी थांबत नाही; तो दुसऱ्या जीवाच्या हालचालींतही दिसू शकतो. मुंगळ्याचा चावा हे त्याचं उदाहरण असेल, तर त्या चाव्याचा हिशेब बुरशीच्या खात्यात जुळायला हवा.

तो जुळतो का, हे सँड्रा अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाओ चोंगमध्येच तपासलं. तो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आधी त्यांनी मोजमाप केलं. मेलेले मुंगळे जमिनीपासून सरासरी २५ सेंटीमीटरवर होते आणि त्यात फारसा फरक नव्हता. जवळपास सगळ्यांनी शिरेलाच चावा घेतला होता. रोपाच्या उत्तर-वायव्य बाजूला त्यांचं प्रमाण जास्त होतं. त्या थरातली हवा ९४-९५ टक्के दमट आणि तापमान २० ते ३० अंशांच्या दरम्यान. नुसत्या दुष्परिणामानं मरणाऱ्यांची अशी एकसारखी जागा ठरली नसती. काही खोडापाशी, काही वाटेवर, काही पानाच्या वरच्या बाजूलाही सापडले असते. पहिलं उत्तर इथंच कमजोर पडतं.

मग त्यांनी मुंगळ्यांची जागा बदलली. काही मेलेले मुंगळे पानांसकट काढून वर, झाडांच्या शेंड्यांत नेऊन टांगले, काही खाली जमिनीवर ठेवले, काही मूळ उंचीवरच राहू दिले. मूळ जागी राहिलेल्यांवर बुरशी नेहमीसारखी वाढली. वर नेलेल्यांवर तिची वाढ बिघडली. बीजाणू देणारा नीट दांडा उभा राहिला नाही. जमिनीवर ठेवलेल्यांतले बरेचसे नाहीसेच झाले. जंगलाच्या जमिनीवर मेलेला किडा फार वेळ पडून राहत नाही. कुणीतरी तो उचलून नेतं किंवा पाऊस वाहून नेतो. म्हणजे ती पंचवीस सेंटीमीटरची पट्टी बुरशीला लागते. तिच्यावर कोरडं आणि ऊन, तिच्या खाली उचलेगिरी.

दुसऱ्या उत्तराचा निकाल ब्राझीलमधल्या कामानं बराचसा लावला. तिथल्या मिनास जेराइस राज्यात, विसोझाजवळच्या जंगलात, राकेल लोरेटो यांच्या गटानं दुसऱ्या एका कॅम्पोनोटसच्या घरट्यांवर दीड वर्षाहून जास्त काळ लक्ष ठेवलं. त्यांनी बाधित मेलेले मुंगळे घरट्याच्या आत ठेवून पाहिले. जिवंत मुंगळे असलेल्या घरट्यातही आणि मुंगळे काढून टाकलेल्या रिकाम्या घरट्यातही बुरशीला बीजाणूपर्यंत पोचता आलं नाही. रिकाम्या घरट्याचा प्रयोग इथं फार महत्त्वाचा आहे. भरल्या घरट्यात अपयश आलं, तर ते सफाई करणाऱ्या कामकरींमुळं असं म्हणता आलं असतं. रिकाम्यातही तेच झालं, म्हणजे घरट्यातलं वातावरणच बुरशीला मानवत नाही. मुंगळा आत मेला, तर बुरशीही तिथंच संपते. तेव्हा बाहेर पडण्याची गरज वसाहतीपेक्षा बुरशीला जास्त आहे.

आणि मुंगळे बाहेर पडून फार लांब जात नाहीत, हेही याच अभ्यासात दिसलं. मेलेले मुंगळे घरट्यांच्या आणि त्यांच्या वाटांच्या आसपासच सापडले. तपासलेल्या प्रत्येक घरट्याच्या परिसरात ते होते. वसाहतीच्या भल्यासाठी दूर जाऊन मरणं असं दिसत नाही. तिच्या वाटेवर मरणं मात्र असंच दिसतं.

वाटेवरच का, याचं कारण बीजाणूच्या वजनात आहे. भाकरीवरच्या बुरशीचे बीजाणू इतके हलके असतात की हवेत तरंगत घरभर जातात. ऑफिओकॉर्डिसेप्सचे बीजाणू लांबोडके आणि जड असतात. दांड्यावरच्या गाठीतून बाहेर फेकले गेले, की ते पानाखालच्या जमिनीवर, मीटरभराच्या परिसरात पडतात. जमिनीवर पडलेल्या बीजाणूला मग बारीक केसासारखे फुटवे येतात आणि त्यांच्या टोकावर नवा चिकट बीजाणू धरतो. येणाऱ्या-जाणाऱ्या मुंगळ्याच्या अंगाला तो चिकटतो. अशा बुरशीला वाऱ्याचा भरवसा नाही. तिला गिऱ्हाईक येतं त्या वाटेच्या वरच्या अंगाला दुकान थाटावं लागतं. शेंड्यावर मेलेल्या मुंगळ्याचे बीजाणू मधल्या पानापानांत अडकून वाया जातील. घरट्यात मेलेल्याचा दांडाच उभा राहणार नाही. पानाची खालची बाजू पावसापासून आणि उन्हापासून आडोसा देते. शीर हाच पानाचा टणक भाग. तिच्यात रुतलेला जबडा मेल्यावरही सुटत नाही. बुरशीला दांडा वाढवून बीजाणू तयार करायला आठवडे लागतात आणि तेवढे दिवस मुंगळा खाली पडता कामा नये. अशा रीतीनं उंची, बाजू, शीर आणि वेळ या चारही गोष्टींचा हिशेब बुरशीच्या खात्यात जुळतो.

'कशासाठी'चं उत्तर असं बरंचसं मिळालं. 'कसं' हे मात्र जास्त अवघड निघालं.

सगळ्यांचा अंदाज मेंदूवर होता. २०१७ साली मारिडेल फ्रेडरिकसन आणि सहकाऱ्यांनी चावा घेण्याच्या क्षणी असलेल्या मुंगळ्यांचे अतिशय पातळ काप घेतले, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची हजारो छायाचित्रं घेतली आणि ती एकावर एक रचून आतल्या रचनेचं त्रिमितीय चित्र उभं केलं. डोकं, छाती, पोट, पाय, सगळीकडं बुरशीच्या पेशी होत्या. जबड्याच्या स्नायूंत त्या तंतूंच्या मधून शिरल्या होत्या आणि छोट्या नळ्यांनी एकमेकींना जोडल्या जाऊन प्रत्येक तंतूभोवती जाळं झालं होतं. मेंदूच्या आत मात्र त्या नव्हत्या. मेंदूच्या भोवती होत्या, त्याला खेटून होत्या, पण मेंदू शाबूत होता.

या निष्कर्षाला वजन आलं ते तुलनेमुळं. नुसतं जाळं सापडलं असतं, तर 'कोणतीही बुरशी कीटकात अशीच वाढत असेल' असं कुणीही म्हटलं असतं. म्हणून त्यांनी त्याच जातीच्या काही मुंगळ्यांना दुसऱ्या बुरशीचा संसर्ग दिला: बिव्हेरिया बॅसियाना. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे नाव नवं नाही. कृषी सेवा केंद्रात जैविक कीटकनाशक म्हणून ती पुड्यांत आणि बाटल्यांत मिळते. बिव्हेरिया कीटकाला मारते, पण त्याला कुठं नेऊन मारत नाही. तिच्या पेशी स्नायूंत शिरल्या, पण असं जोडलेलं जाळं त्यांनी केलं नाही. म्हणजे जाळं हे मारण्यासाठी लागत नाही.

जबडा रुतून का बसतो, याबद्दलचं मतही मध्यंतरी बदललं. २०११च्या अभ्यासात जबड्याचे स्नायू झिजलेले, तंतू एकमेकांपासून सुटलेले दिसले होते. तेव्हा स्नायू निकामी झाल्यानं जबडा उघडत नाही, असं मानलं गेलं. २०१९ साली कॉलीन मँगोल्ड आणि सहकाऱ्यांनी अधिक बारकाईनं पाहिलं. स्नायूंचं आवरण जागोजागी फाटलं होतं, पण नस आणि स्नायू जिथं जोडलेले असतात ते सांधे शाबूत होते. स्नायूतंतूंवर जी फाटाफूट दिसत होती, ती स्नायू प्रमाणाबाहेर जोरानं आकुंचन पावल्याची खूण होती. तेव्हा जबडा दुबळा पडून अडकत नाही. तो इतक्या जोरानं मिटतो की त्या जोरातच स्नायू फाटतो आणि पुन्हा उघडायला काही उरत नाही.

मेंदू शाबूत असला तरी तो सुरक्षित आहे असं नाही. बुरशी मेंदूत न शिरता रसायनं सोडू शकते. शरिसा दे बेकर यांच्या गटानं २०१४ साली ही बुरशी प्रयोगशाळेत मुंगळ्यांच्या काढलेल्या मेंदूंशेजारी वाढवली. वेगवेगळ्या जातींच्या मेंदूंजवळ बुरशीनं वेगवेगळ्या रसायनांचं मिश्रण सोडलं. त्याच अभ्यासात दोन कॅम्पोनोटस जातींना आणि दुसऱ्या प्रजातीतल्या एका मुंगीला संसर्ग दिला गेला. बुरशीनं ती वेगळी मुंगीही मारली, पण तिला चावा घ्यायला लावू शकली नाही. मारणं आणि वागणं बदलणं या दोन वेगळ्या कला आहेत, हे यातून स्पष्ट झालं. दुसरी कला फक्त ओळखीच्या यजमानावरच चालते. ही बुरशी माणसाला लागेल का, या भीतीचं उत्तरही यातच आहे: जिला शेजारची मुंगी वळवता येत नाही, ती सस्तन प्राण्यापर्यंत पोचायची नाही.

यजमान जसा ठरलेला, तसा प्रदेशही. थायलंडचं जंगल सदाहरित आहे. तिथं पान बुरशीचा दांडा पिकेपर्यंत झाडावर टिकतं. अमेरिकेतलं दक्षिण कॅरोलिना किंवा जपान इथं शरद ऋतूत पानं गळतात. पानाला चावलेला मुंगळा पानाबरोबर खाली येईल. तिथले बाधित मुंगळे पानाला चावत नाहीत, डहाळीला चावतात, आणि पायांनीही तिला विळखा घालतात. बुरशीला तिथं वाढ पुरी करायला एक हिवाळा काढावा लागतो. जगभरचे नमुने आणि बुरशींची वंशावळ ताडून लोरेटो यांच्या गटानं २०१८ साली दाखवलं, की पान चावणं आधीचं आणि डहाळी चावणं नंतरचं. ते वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे आलं. हवामान बदललं तसा चाव्याचा पत्ताही बदलला.

हे किती जुनं आहे, याचा एक पुरावा जर्मनीतल्या मेसेलच्या खाणीत आहे. तिथं सापडलेल्या ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या एका पानावर शिरांच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीनं खुणा आहेत, आजच्या मुंगळ्याच्या चाव्यानं पडतात तशाच. त्या पानावर मुंगळा नाही, बुरशीही नाही, फक्त खुणा. म्हणून हा पुरावा सूचक आहे, एवढंच म्हणावं. पण शिरेला असा चावा घेणारं दुसरं कोणी माहीत नाही, म्हणून अभ्यासकांनी तो बुरशीच्या खात्यात मांडला.

इतकं वाचून बुरशी सर्वशक्तिमान वाटेल. तशी ती नाही. एक तर घरटी सहसा बुडत नाहीत; ब्राझीलमधल्या त्या घरट्यांच्या भोवती बाधित मुंगळे सतत सापडत होते आणि घरटी चालूच होती. बुरशी वाटेवर फिरणारे थोडे मुंगळे उचलते, राणीपर्यंत पोचत नाही. दुसरं म्हणजे बुरशीवरही बुरशी आहे. ऑफिओकॉर्डिसेप्सच्या दांड्यावर दुसऱ्या बुरशी वाढतात आणि तिला बीजाणू सोडू देत नाहीत. थायलंडमधल्या एका पाहणीत मेलेल्या मुंगळ्यांपैकी खरोखर बीजाणू सोडण्याच्या स्थितीत असलेले शंभरात सहा-सातच भरले. पंचवीस मेलेले मुंगळे पाहून आपल्याला साथ आल्यासारखं वाटतं. त्यातला जेमतेम एखाददुसराच पुढचा संसर्ग पोचवू शकतो.

पुढच्या प्रकरणांत हेच प्रश्न दुसऱ्या कीटकांना लावले आहेत. घरमाशीला आणि फळमाशीला धरणारी एन्टोमोफ्थोरा ही बुरशी माशीला संध्याकाळी उंच जागी चढवते, सोंड खाली चिकटवते आणि पंख वर उचलायला लावते, म्हणजे पोटातून उडणाऱ्या बीजाणूंना वाट मोकळी होते. तिचे बीजाणू हवेत फेकले जातात, त्यामुळं तिला उंची हवी. पुढं गंमत अशी, की ही बुरशी माशीच्या मेंदूत शिरते. चढत्या माशीचं रक्त काढून निरोगी माशीला टोचलं, तर तीही काही काळ अस्वस्थपणे चालू लागते, हे २०२३ साली दाखवलं गेलं. मुंगळा आणि माशी, दोघांचं चढणं वरवर सारखं. आतला मार्ग मात्र वेगळा.

आणि चढणारा प्रत्येक कीटक बुरशीनं चढवलेला नसतो, हे आपल्या शेतातच पाहता येतं. हरभऱ्यावर घाटेअळीसाठी एचएएनपीव्ही हा विषाणू फवारतात. बाधित अळी झाडाच्या शेंड्याकडे जाते आणि मागच्या पायांवर उलटी लोंबत मरते. बोट लावलं तर कातडी फुटून पातळ द्रव गळतो. सोयाबीनवर मेटारायझियमच्या एका जातीनं मेलेली अळी वेगळी असते. ती कडक होते, आधी पांढरी, मग हिरवट पूड धरते, आणि पानाला चिकटून राहते. पातळ झाली तर विषाणू, कडक झाली तर बुरशी, एवढी खूण बांधावर पुरते. विषाणूच्या बाबतीत एक भक्कम पुरावाही आहे: अमेरिकेतल्या एका पतंगाच्या अळीवरच्या तशाच विषाणूतला एक जनुक काढून टाकल्यावर अळ्या मेल्या, पण शेंड्यावर चढल्या नाहीत, असं २०११ साली दिसलं. मुंगळ्याच्या बाबतीत पुरावा असा एका जनुकावर उभा नाही. तो मोजमाप, जागाबदल आणि तुलना यांच्या बेरजेवर उभा आहे.

तेव्हा वाचकानं पुढं जाताना प्रत्येक प्रकरणाला तीन गोष्टी विचाराव्यात. हे वागणं निरोगी कीटकात कधी दिसतं का? कीटक जिथं मेला ती जागा बदलली, तर परजीवीचं नुकसान होतं का? आणि मारणारा पण न वळवणारा दुसरा परजीवी लावला, तर तेच वागणं दिसतं का? पहिल्याचं उत्तर 'नाही', दुसऱ्याचं 'हो' आणि तिसऱ्याचं पुन्हा 'नाही' आलं, तरच ताबा घेतला असं म्हणायचं. बागेत भिंतीला चिकटून मेलेली, बुरशी धरलेली माशी दिसली, तर तेवढ्यावरून काही ठरत नाही. मेलेल्या कीटकावर साधी बुरशीही चढते. या पुस्तकातली काही प्रसिद्ध उदाहरणं या तीन प्रश्नांपुढं टिकतात, काही अर्धवट टिकतात, आणि काही टिकत नाहीत. कोणती कुठल्या रांगेत बसतात, ते त्या त्या प्रकरणात सांगितलं आहे.